फोटो नको, फाइल पाठवा

मोटारीच्या नुकसानीचा छोटा दावा आता बरेचदा गाडी डोळ्यांनी न पाहताच पुढे सरकतो. कायद्याने परवानाधारक सर्व्हेअर लागतो तो मोटारीच्या दाव्यात नुकसान पन्नास हजार रुपयांच्या घरात गेलं की. त्याखालचं काम कंपन्या फोटोंवर भागवतात. पॉलिसीधारक मोबाइलवरून फोटो चढवतो, गॅरेज एस्टिमेट देतं, आणि कार्यालयात बसलेला अधिकारी दोन्ही जुळवून रक्कम ठरवतो. सोय मोठी आहे. पण यात फोटो हा पुराव्यातला एक कागद राहत नाही, जवळजवळ सगळा पुरावाच तो होतो. त्यामुळे फोटोबद्दल शंका आली की अधिकाऱ्याला एकच गोष्ट मागता येते: फोटो ज्या फाइलमधून आला ती मूळ फाइल.

अशी मागणी करणारं पत्र हातात पडलं की बहुतेकांना पहिल्यांदा राग येतो. ‘म्हणजे मी खोटं बोलतोय का?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. फोटो तर आधीच दिलेत, तेच पुन्हा का मागतात? या प्रश्नाचं उत्तर एका प्रकरणाच्या आधारे देता येईल. प्रकरण नमुन्यादाखल रचलेलं आहे, मात्र त्यातल्या अडचणी खऱ्या आहेत.

नाशिकच्या एक शिक्षिका रविवारी, 22 जून 2025 च्या रात्री इगतपुरीहून परतत होत्या. पाऊस होता. पाथर्डी फाट्याच्या अलीकडे, मध्यरात्र उलटून अर्धा तास झाला असताना, गाडी रस्त्यातल्या दुभाजकाला डाव्या अंगाने घासली. बंपर फुटला, दिव्याची काच तडकली, डाव्या दारावर लांबलचक ओरखडा. मदतीला दीर आले. बाईंनी स्वतःच्या फोनवर तीन फोटो काढले, दिरांनी त्यांच्या आयफोनवर दोन. दुसऱ्या दिवशी पाचही फोटो कंपनीच्या संकेतस्थळावर चढले. गॅरेजचं एस्टिमेट आलं 41,600 रुपयांचं, आणि त्यातले 11,200 एकट्या दाराच्या डेंटिंग-पेंटिंगचे. आठवड्याभराने आलं ते हे पत्र:

‘महोदया, आपल्या दाव्यासोबतच्या पाच फोटोंपैकी चार फोटोंबाबत आम्हाला खुलासा हवा आहे. पहिल्या फोटोच्या नावातील वेळ अपघाताच्या वेळेपूर्वीची दिसते. दुसऱ्या व तिसऱ्या फोटोत चित्रणाची तारीख, वेळ व कॅमेऱ्याची नोंद नाही. चौथ्या फोटोत संपादन केल्याची नोंद आहे. या टप्प्यावर आम्ही कोणताही निष्कर्ष काढलेला नाही. कृपया या चारही फोटोंच्या, ज्या फोनवर ते काढले त्या फोनमधील मूळ फाइल, नाव न बदलता व संपादन न करता, सोबतच्या दुव्यावर पंधरा दिवसांत चढवाव्यात. व्हॉट्सअॅपवर साध्या फोटोच्या रूपात पाठवू नयेत. फाइल उपलब्ध नसल्यास तसे कारणासह कळवावे. इतर पुराव्याचा विचार केला जाईल. काढून ठेवलेला जुना बंपर व दिवा आमच्या सूचनेपर्यंत गॅरेजमधून हलवू नये.’

पत्र चांगलं आहे, हे आधी सांगायला हवं. काय खटकलं ते फोटोवार लिहिलंय, काय हवं ते लिहिलंय, आणि फाइल नसेल तर दार बंद केलेलं नाही. अशा पत्रांमध्ये ‘फोटो संशयास्पद आढळल्याने मूळ प्रती सादर कराव्यात’ एवढं एकच वाक्य टाकून मोकळे होणारेही असतात. मग माणूस झेरॉक्सच्या दुकानात जाऊन फोटोंच्या रंगीत प्रिंट काढून आणतो, आणि दोन्ही बाजूंचे पंधरा दिवस वाया जातात.

या बाईंना फारसं काही उमगलं नाही ते दुसऱ्या-तिसऱ्या फोटोबद्दल. हे दोन दिरांनी काढलेले, व्हॉट्सअॅपवर वहिनींना पाठवलेले, आणि वहिनींच्या फोनमधून कंपनीकडे गेलेले. पडद्यावर फोटो दिरांच्या फोनमध्ये दिसतो तसाच दिसतो, पण फाइल वेगळी झालेली असते. फोन फोटो काढतो तेव्हा चित्रासोबत त्याच फाइलच्या पोटात एक टिपण लिहितो. तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल, शटरचा वेग, परवानगी असेल तर ठिकाणही. या टिपणाच्या पद्धतीला एक्झिफ म्हणतात, आणि ती नव्वदच्या दशकात जपानी कॅमेरा उद्योगाने ठरवली. व्हॉट्सअॅप फोटो पाठवताना हे टिपण काढून टाकतं, चित्र लहान करतं आणि नव्याने दाबून बसवतं. चार हजार पिक्सेल रुंद असलेलं चित्र साधारण सोळाशेवर येतं. शिवाय अँड्रॉइड फोनवर फाइलला नाव मिळतं `IMG-20250623-WA0004.jpg` असं, आणि त्यातली तारीख फोटो काढल्याची नसून तो व्हॉट्सअॅपवर आल्याची असते. दोन वर्षांपूर्वीचा फोटो कोणी आज पाठवला तरी त्यावर आजचीच तारीख चढते.

म्हणजे टिपण नसणं हा लबाडीचा पुरावा नाही. महाराष्ट्रातले निम्मे फोटो व्हॉट्सअॅपवरून फिरतात म्हटलं तर कोणी वाद घालणार नाही, आणि ते सगळे असेच कोरे असतात. जाणता अधिकारी कोऱ्या फाइलवरून दावा नाकारत नाही. त्याला फक्त एवढंच कळतं की या फाइलवरून आपल्याला काहीच कळत नाही, आणि म्हणून तो एक पायरी मागे जाऊन ज्याच्या फोनवर फोटो निघाला त्याच्याकडची फाइल मागतो. दिरांच्या फोनमध्ये ती होतीच. मात्र आयफोनवरून पाठवताना एक अडचण येते. शेअर करण्याच्या पडद्यावर वर ‘Options’ असतं, तिथे ‘All Photos Data’ चालू करावं लागतं, नाहीतर फोन स्वतःच्या मनाने फाइल बदलून देऊ शकतो. मेलने पाठवताना आकार विचारला तर ‘Actual Size’ निवडायचं. अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅपच वापरायचं असेल तर फोटो ‘Document’ म्हणून जोडायचा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते.

पहिल्या फोटोची गोष्ट जास्त गमतीची आहे. तो बाईंच्या स्वतःच्या पिक्सेल फोनवर काढलेला, नाव `PXL_20250622_191530412.jpg`. वाचायला सोपं: 2025, सहावा महिना, बावीस तारीख, संध्याकाळी सव्वासात. अपघात मात्र सांगितलाय मध्यरात्रीनंतर साडेबाराचा. अपघाताआधी पाच तास अपघाताचा फोटो! संशयाला याहून चांगलं कारण काय हवं? आधीचं नुकसान नव्या अपघाताच्या नावावर खपवण्याचा प्रकार विम्यात जुना आहे, आणि तो पकडला जातो तो बहुधा अशा तारखांनीच.

आता मूळ फाइल आल्यावर अधिकाऱ्याने काय केलं ते पाहू. एक्झिफटूल नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे, फिल हार्वी या कॅनडातल्या गृहस्थांनी लिहिलेला. फाइल उघडून तिचं टिपण तो ओळीओळीने दाखवतो:

```
exiftool -DateTimeOriginal -OffsetTimeOriginal PXL_20250622_191530412.jpg

Date/Time Original    : 2025:06:23 00:45:30
Offset Time Original  : +05:30
```

नावात 22 तारखेचे 19:15:30, टिपणात 23 तारखेचे 00:45:30. दोहोंत फरक बरोबर साडेपाच तासांचा. पिक्सेल फोन फाइलला नाव देताना भारतीय वेळ वापरत नाही, जागतिक प्रमाणवेळ वापरतो. आत टिपणात मात्र स्थानिक वेळ लिहितो आणि शेजारी ‘+05:30’ अशी तिची ओळख. सॅमसंगच्या फोनवर नावातही स्थानिकच वेळ असते, त्यामुळे ज्याची सवय सॅमसंगवर घडली तो अधिकारी पिक्सेलच्या नावावर हमखास अडखळतो. संकेतस्थळावर चढताना फाइलमधलं टिपण वगळलं गेलं होतं आणि नाव तेवढं उरलं होतं. म्हणून पत्रात नावाचा उल्लेख आला, टिपणाचा नाही. फोटो अपघातानंतर पंधरा मिनिटांनी काढलेला ठरला.

असा फरक दिसला की पहिला प्रश्न ‘किती तासांचा?’ हा विचारायचा. बरोबर साडेपाच तास असेल तर बहुतेकदा घड्याळाची भानगड असते. तीन दिवस, अडीच महिने असा असेल तर ती भानगड नव्हे.

चौथ्या फोटोने बाईंना थोडं अडचणीत आणलं, आणि तेही त्यांच्याच हाताने. फोटोत बंपरच्या कोपऱ्याशी एक अनोळखी माणूस वाकून पाहत उभा होता. फोटो ‘नीट’ दिसावा म्हणून त्यांनी गुगल फोटोजमधल्या मॅजिक इरेजरने त्याला पुसून टाकलं. हे साधन माणसाची जागा आजूबाजूच्या रंगरूपावरून भरून काढतं. इथे ती जागा नेमकी बंपरला लागून होती. त्यामुळे तड्याची कड गुळगुळीत झाली, ओल्या रस्त्यावरचं दिव्याचं प्रतिबिंब मध्येच तुटलं. गुगल अशा संपादनाची नोंद फाइलमध्ये ठेवतं, आणि तपशिलाच्या पडद्यावर ‘Edited with Google AI’ अशी ओळ दिसते. ही नोंद संकेतस्थळावर चढतानाही टिकून राहिली होती. काही नोंदी गळतात, काही राहतात. कोणत्या गळाव्यात याला काही तर्क नाही.

अधिकाऱ्याच्या जागी बसून पाहिलं तर हा फोटो वाईट दिसतो. नुकसानीच्या फोटोत, नुकसानीच्याच जागी, चित्र बदलल्याची नोंद. ब्रिटनमध्ये 2024 साली आलियान्झ कंपनीने जाहीर केलेलं एक उदाहरण अशा वेळी कोणालाही आठवेल. एका कामगाराच्या व्हॅनचा समाजमाध्यमावरचा फोटो उचलून त्यावर फुटलेल्या बंपरची तड रंगवली होती, आणि सोबत हजार पाउंडांहून अधिक रकमेचं खोटं दुरुस्तीबिलही जोडलं होतं. त्यासाठी चित्रकला यावी लागत नाही, मोबाइलमधलं अॅप पुरतं. तेव्हा ‘संपादन झालंय’ एवढी नोंद दिसल्यावर काय पुसलं आणि काय रंगवलं हे अधिकाऱ्याला ओळखता यायला हवं, आणि ते मूळ फाइलशिवाय येत नाही.

सुदैवाने गुगल फोटोज बदललेला फोटो बहुधा वेगळी प्रत म्हणून जपतं आणि मूळ तसाच ठेवतं. बाईंच्या फोनमध्ये दोन्ही होते: `~2` असं शेपूट लागलेली बदललेली प्रत आणि शेजारी मूळ. मूळ फोटोत तो माणूस होता, आणि त्याच्या गुडघ्याशी बंपरची तीच तड होती, उलट जास्त लांब. म्हणजे बाईंनी सुशोभीकरणात स्वतःचंच नुकसान कमी करून दाखवलं होतं.

इथवर पाहिलं तर मूळ फाइल प्रामाणिक माणसाच्या बाजूने उभी राहते. पण तिला बाजू नसते. पूर्ण आकाराच्या फाइल आल्या तेव्हा अधिकाऱ्याने त्या मोठ्या करून पाहिल्या. बंपरच्या घासलेल्या कडेवर पिवळ्या रंगाचे कण चिकटलेले दिसले. दुभाजकाला पिवळे-काळे पट्टे असतात, त्यामुळे ते दुभाजकाचेच. दिरांच्या दुसऱ्या फोटोत मात्र दाराचा ओरखडा स्पष्ट आला, आणि त्याच्या तळाशी तांबूस गंज होता. पिवळा कण एकही नाही. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या छोट्या प्रतीत तो गंज चिखलासारखा वाटत होता. आता त्या फोटोची वेळ पाहा: रात्री 12 वाजून 51 मिनिटं. उघड्या पडलेल्या पोलादावर वीस मिनिटांत तांबूस थर चढत नाही. पाऊस असला तरी त्याला बराच जास्त वेळ लागतो. म्हणजे दाराचा ओरखडा त्या रात्रीचा नव्हता.

ज्या वेळेच्या नोंदीने पहिला फोटो सोडवला, तिनेच दाराचा दावा पाडला.

पुढे फोनवर बाईंनी आठवून सांगितलं, मार्चमध्ये सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाला गाडी घासली होती, तो ओरखडा असावा. अपघातानंतर सगळं एकत्रच दिसलं. हे खरं मानायला हरकत नाही. विम्याच्या कराराचा पाया परस्परांनी खरं सांगण्यावर असतो, आणि जाणूनबुजून खोटं सांगितल्यास सबंध दावाच जातो. पण जुनं आणि नवं नुकसान सरमिसळ होणं याला लबाडी म्हणत नाहीत. अधिकाऱ्याने दाराचे 11,200 वजा केले आणि उरलेल्या 30,400 मधून सक्तीची वजावट 1,000 काढून 29,400 मंजूर केले. पॉलिसी झीरो डेपची होती. नसती तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागावर निम्मी रक्कम घसाऱ्यात गेली असती.

इथे एक आक्षेप कोणीही चाणाक्ष वाचक घेईल. फाइलमधलं टिपण बदलता येतं, मग त्यावर विश्वास कशाला? येतं, आणि एका ओळीच्या आज्ञेने येतं. नुसत्या टिपणावर भिस्त ठेवणारा अधिकारी फसेल. म्हणूनच तो एक गोष्ट पाहत नाही, अनेक गोष्टी एकमेकींशी जुळतात का ते पाहतो. फाइलचं नाव, आतली वेळ, फाइलच्या पोटात जपलेली चित्राची चिमुकली आवृत्ती, चित्र दाबण्याची त्या फोनची ठरलेली पद्धत. जेपीईजी चित्र आठ गुणिले आठ पिक्सेलच्या चौकोनांत दाबलं जातं, आणि दाबण्याचे आकडे प्रत्येक फोन किंवा अॅप आपापले वापरतं. एखादी फाइल म्हणते ‘मी फोनमधून थेट आले’ आणि आकडे फोटोशॉपचे निघतात, तर कुठेतरी गडबड आहे. मुख्य चित्रात तड असून चिमुकल्या चित्रात बंपर धड असणं, हा तर हमखास सापडणारा प्रकार. सगळ्या खुणा एकाच वेळी सुसंगत खोट्या करणं चाळीस हजारांसाठी कोणी सहसा करत नाही.

याहून खोल परीक्षाही आहेत. प्रत्येक कॅमेऱ्याच्या सेन्सरची सूक्ष्म गोंगाटाची स्वतःची ठेवण असते, आणि तिच्यावरून फोटो कोणत्या कॅमेऱ्याचा हे ओळखता येतं, असं न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलं. पण त्यासाठी तो फोन किंवा त्याचे बरेच फोटो हवेत, आणि आजचे फोन एका फोटोसाठी अनेक चौकटी मिसळत असल्याने काम अवघड होतं. बंपरच्या दाव्यात हे होत नाही. काही जण चित्रावर ‘एरर लेव्हल’ची चकाकती पट्टी चढवून ‘इथे बदल झालाय’ असं सांगतात. दोनदा दाबल्या गेलेल्या कोणत्याही निष्पाप व्हॉट्सअॅप फोटोवर ती चकाकू शकते. तेवढ्यावर दावा नाकारला गेला असेल तर त्याला आव्हान द्यावं.

मूळ फाइलचा आग्रह न्यायालयातही आहे, आणि त्याचा एक मोठा धडा महाराष्ट्रातूनच गेला. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याच्या जागेवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद झाला. उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही हे निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावर ठरायचं होतं, आणि त्याच्या सीडींसोबत आवश्यक प्रमाणपत्र नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 च्या निकालात स्पष्ट केलं की मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीला उभं राहून सादर केलं तर प्रमाणपत्र लागत नाही. पण प्रत दाखल करायची तर ते लागतंच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये हे प्रमाणपत्र आहे आणि त्यात फाइलचा हॅश लिहायचा असतो. हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या आशयावरून गणित करून काढलेली अक्षर-अंकांची एक साखळी. एक पिक्सेल बदलला तरी साखळी पूर्ण वेगळी येते. विमा कंपनी फाइल स्वीकारताना हा हॅश नोंदवून पॉलिसीधारकाला पोच म्हणून देत असेल तर उद्या ‘आम्हाला वेगळीच फाइल मिळाली’ हा वाद उरत नाही. तो मागून घ्यावा. मागितला नाही तर बहुधा मिळत नाही.

मागण्याला सीमाही हवी. पत्रात चार फोटोंच्या फाइल मागितल्या आहेत, फोन नव्हे, गॅलरी नव्हे. फोटोत ठिकाणाची नोंद असते, म्हणजे घर, शाळा, दवाखाना सगळं उघड होऊ शकतं. अपघाताच्या फोटोत ठिकाण हवंच, पण त्याआधीचे-नंतरचे शंभर फोटो कशाला? विमा नियामक प्राधिकरणाने जून 2024 च्या परिपत्रकात सांगितलं आहे की निव्वळ कागदपत्रांअभावी दावा नाकारू नये, आणि निकालाशी थेट संबंध असलेलेच कागद मागावेत. फोन हरवला, बिघडला, मेमरी भरली म्हणून फोटो उडवले, हे सगळं घडतं. अशा वेळी कारण लिहून द्यावं आणि जे आहे ते पुढे करावं. गुगल किंवा आयक्लाउडवरची प्रत, सोसायटीच्या दाराचं सीसीटीव्ही, गॅरेजचं जॉब कार्ड, आणि सगळ्यांत उपयोगी म्हणजे काढलेला जुना बंपर. पत्रात तो हलवू नका म्हटलंय ते म्हणूनच. तुटक्या प्लास्टिकवरचे पिवळे कण भंगारात गेले की परत येत नाहीत.

दाराच्या 11,200 रुपयांबद्दल बाईंचं समाधान झालं नसतं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जायचं, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे. नाशिक पुण्याच्या कार्यालयाखाली येतं. तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या नकारापासून एक वर्षाची मुदत आहे. दिरांचा तो 12:51 चा फोटो तोवर त्यांच्या फोनमधून पुसायचा नाही, हे अधिकाऱ्याने शेवटच्या पत्रात स्वतःहून लिहिलं होतं.